पफ वाढला, चेहराही पसरला

*ताई, माघात माझं लग्न आहे. चेहरा गोल, गाल भरलेले, कपाळ मध्यम. शाळेपासून मधला भांग आणि वेणी, दुसरं काही कधी केलंच नाही. परवा ट्रायलला पार्लरवाल्या ताईंनी पार भुवईच्या टोकापासून तिरपा भांग काढला आणि वर भलामोठा पफ. आरशात बरं वाटलं, फोटोत मात्र चेहरा परातीएवढा! आई म्हणते, मधला भांगच शोभतो तुला. भांग नक्की कुठे काढू, डावीकडे की उजवीकडे? आणि पफ ठेवू की नको?*
*— होणारी नवरी, नाशिक*

पफ ठेव, पण उंचीला थोडा कमी आणि रुंदीला निम्मा. भांग डोळ्याच्या बुबुळाच्या वर घे, भुवईच्या टोकाला नको. आता हे का, ते नीट सांगते, म्हणजे पुढच्या ट्रायलला खुर्चीत बसून नुसतं 'हं, हं' करत बसावं लागणार नाही.

बघणाऱ्याच्या डोळ्यात टेप नसते. तो तुझा गाल मोजत नाही. तो दोन गोष्टी पाहतो. एक, काळ्या केसांच्या चौकटीत दिसणारा चेहऱ्याचा उजळ तुकडा केवढा आणि कोणत्या आकाराचा आहे. दुसरी, केसांसकट अख्ख्या डोक्याची बाह्यरेषा किती उंच आणि किती रुंद आहे. आपले केस काळेभोर, त्यामुळे ही चौकट ठळक असते. केस जिथे सुरू होतात तिथेच चेहरा संपला, असं डोळा धरून चालतो. भांगाचं काम पहिल्या गोष्टीवर, म्हणजे त्या तुकड्याच्या वरच्या कडेवर. पफचं काम दुसरीवर. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. तुझ्या ट्रायलला तोच झालेला दिसतो.

आधी आईच्या मधल्या भांगाबद्दल. गोल चेहऱ्याला मधला भांग वर्ज्य असं सगळीकडे छापलेलं असतं, पण ते अर्धवट आहे. केस मोकळे असतील, तर मधला भांग गोल चेहऱ्याला चांगला बसतो, कारण दोन्हीकडून पडदे ओढल्यासारखे केस येतात आणि गालांची बाहेरची बोटबोटभर कड झाकून टाकतात. उजळ तुकडा अरुंद होतो, चेहरा निमुळता वाटतो. पण तोच मधला भांग काढून केस तेल लावून चापून मागे घेतले, वेणी किंवा अंबाडा घातला, की पडदे गेले. गाल कानापर्यंत उघडे पडले. वर केस उतरत्या कौलांसारखे दोन्ही बाजूंना घसरले, म्हणजे माथ्याची उंचीही गेली. बाजूला रुंदी पूर्ण आणि वर उंची शून्य. शाळेतल्या वेणीच्या फोटोत तुझे गाल मोठे दिसत असतील, तर दोष मधल्या भांगाचा नाही, चापून बसवण्याचा आहे. लग्नात तुझा अंबाडाच असणार, म्हणून तुझ्यापुरता मधला भांग मीही सुचवत नाही.

एक गंमत जाता जाता. 'मधल्या भांगाची उभी रेघ चेहरा लांब दाखवते' असं पार्लरमध्ये छातीठोकपणे सांगतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ साली दोन सारखे चौरस दाखवले होते, एकात उभ्या रेघा भरलेल्या आणि दुसऱ्यात आडव्या. लोकांना आडव्या रेघांचा चौरस जास्त उंच वाटतो. तेव्हा नुसत्या रेघेवर फार विसंबू नये. शिवाय भांगाची रेघ मागे डोक्यावर जाते, समोरून तिचा तीनचार सेंटीमीटरचा तुकडाच दिसतो. त्या तुकड्याने चेहरा लांब होणार असता, तर आम्ही दुकानं बंद करून घरी बसलो असतो.

तिरपा भांग दोन कारणांनी काम करतो. पहिलं, उजळ तुकड्याचं शिखर मध्यावरून सरकतं. मध्ये शिखर असलं की डावा गाल, उजवा गाल अशी सरळ तुलना होते आणि रुंदी डोळ्यात भरते. शिखर बाजूला गेलं की नजर कपाळाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूच्या हनुवटीकडे तिरकी उतरते. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. भांगाच्या जड बाजूचे केस मुळाशी आधी वर उठतात आणि मग पलीकडे झुकतात, कारण त्यांना माथा ओलांडून जायचं असतं. बॅककोम्बिंग न करताही तिथे अर्धाएक सेंटीमीटर उंची फुकट मिळते.

पण किती तिरपा, यातच सगळं आहे. आरशासमोर सरळ बघ आणि टेल कोमची दांडी बुबुळावरून उभी धर. दांडी केसांना जिथे टेकते, तिथून भांग सुरू करायचा आणि मागे डोक्याच्या मध्याकडे किंचित वळवायचा. गोल चेहऱ्याला ही जागा बहुतेक वेळा बरोबर येते. फार तर भुवईच्या कमानीपर्यंत, म्हणजे बुबुळापासून आणखी बोटभर बाहेर. त्यापलीकडे, भुवईच्या टोकाशी भांग नेला की त्या बाजूचा कपाळाचा कोपरा, कानशिलाच्या वरचा तो रिकामा भाग, सगळा उघडा पडतो. गाल आधीच उघडे, त्यात वरचा कोपराही उघडा, म्हणजे त्या बाजूला चेहरा वरपासून खालपर्यंत सरळसोट रुंद. पलीकडच्या बाजूला केसांचं ओझं एवढं होतं की ते कानशिलावर फुगून बसतं. तुझी परात तिथे झाली.

आता डावा की उजवा. यासाठी मान खाली घालून आईला तुझा भोवरा बघायला सांग. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि अशा डोक्यावर पुढचे केस आपसूक डावीकडून उजवीकडे झुकतात, म्हणून त्यांना डावा भांग सहज बसतो. भोवरा उलटा असेल तर उजवा. भोवऱ्याच्या विरुद्ध भांग काढला तर मुळाशी उंची जास्त मिळते, हे खरं आहे, पण तो टिकवायला स्प्रे आणि पिना दोन्ही लागतात. विधी आटोपून जेवणाची पंगत बसेपर्यंत तो पुन्हा फाटायला लागतो.

भोवऱ्याशिवाय दुसरा विचार गालांचा. कुणाचेही दोन गाल सारखे नसतात. केस मागे बांधून, दोन मीटरवरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून कुणाकडून तरी समोरून फोटो काढून घे. जो गाल जास्त भरलेला, त्या बाजूला केसांचं ओझं येऊ दे आणि भांग दुसऱ्या बाजूला काढ. भोवरा आणि गाल दोघांनी एकच बाजू सांगितली तर प्रश्नच मिटला. भांडण झालं तर एका दिवसाच्या कामासाठी मी गालांचं ऐकते आणि भोवऱ्याला ड्रायरने समजावते. सेल्फीवर मात्र हे ठरवू नकोस. सेल्फी घेताना स्क्रीनवर आरशासारखं उलटं दिसतं, आणि कितीतरी मुली त्यापायी उजव्याडाव्याचा घोळ घालून येतात. हात लांब करून जवळून काढलेल्या सेल्फीत कान मागे पळतात आणि चेहरा मुळात आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो. लग्नातला फोटोग्राफर लांबून काढतो, त्यात गाल आणि कान आपल्या खऱ्या रुंदीने येतात. तुला सेल्फीत सवय असलेला चेहरा आणि अल्बममधला चेहरा वेगळा वाटेल, त्यात केसांचा दोष नसतो.

आता पफ. माझं स्वतःचं एक पाप सांगते. धंद्यात नवी होते तेव्हा एका नवरीचा पफ मी थेट भोवऱ्यावर काढला, पाव तास खपून. बाजूने ती अशी सुंदर दिसत होती! समोरून मात्र काहीच दिसेना, कारण भोवरा डोक्याच्या मागच्या उतारावर असतो. कॅमेरा समोर उभा, पफ मागे लपलेला. अल्बममध्ये तिचं डोकं अगदी चपटं आलं. तेव्हापासून मी पफची जागा डोळ्यांनी ठरवत नाही, कंगवा ठेवून ठरवते.

चपटा कंगवा डोक्यावर पुढून मागे आडवा ठेवायचा, हात काढायचा. कंगवा जिथे टेकून तराजूच्या दांडीसारखा डुलतो, ती डोक्याची सगळ्यात उंच जागा. साधारण कानांच्या वरच्या टोकांपासून डोक्यावरून रेघ ओढली तर तिच्या आसपास, थोडी पुढे किंवा मागे. समोरून दिसणारी उंची फक्त इथेच वाढते. याच्या मागे पफ केला तर तो बाजूच्या फोटोपुरता. आणि अगदी कपाळाच्या केसांच्या काठावर केला तर केस वर ओढले जाऊन कपाळच मोठं दिसतं. अरुंद कपाळाला ते चालतं, तुझ्या मध्यम कपाळाला त्याची गरज नाही.

जागेनंतर रुंदी, आणि तुझ्या ट्रायलचा खरा गुन्हेगार मला हीच वाटते. डोक्यावर वरून बोटं फिरव. माथा सपाट असतो आणि मग एका ठिकाणी वळून बाजूला उतरतो. हे वळण भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या बरोबर वर येतं. पफ या वळणापर्यंत पसरला, की वाढलेली उंची आणि वाढलेली रुंदी एकमेकांना खाऊन टाकतात आणि डोकं चौकोनी खोक्यासारखं होतं. म्हणून बॅककोम्बिंग दोन्ही भुवयांच्या कमानींमधल्या पट्ट्यातच करायचं, हाताची चार बोटं मावतील एवढ्यात. वळणावरचे केस मात्र चपटे, डोक्याला धरून मागे न्यायचे.

मागच्या हिवाळ्यातल्या एका गोल चेहऱ्याच्या मुलीचं उदाहरण देते. ट्रायलचे फोटो एकाच जागेवरून काढले आणि फोनच्या स्क्रीनवरच पट्टी लावून मोजले. केस चापून मागे घेतलेल्या फोटोत हनुवटीपासून केसांच्या वरच्या काठापर्यंत ६६ मिलिमीटर, आणि केसांसकट सगळ्यात रुंद ठिकाणी ५०, कारण अंबाड्याच्या आधी कानावर केस फुगले होते. उंचीला रुंदीने भागलं तर १.३२. मग माझ्या सहायिकेने दणदणीत पफ काढला. उंची ७३ झाली, पण रुंदीही ५४ वर गेली आणि तीही कानशिलांच्या वर. भागाकार १.३५. एवढी मेहनत करून आकडा जेमतेम हलला, उलट रुंदी गालांवरून उचलून कपाळावर नेऊन ठेवली. तिसऱ्या वेळी पफ अरुंद केला, उंची ७१ वरच थांबवली आणि कानावरचे केस जेलने बसवले. आता रुंदी फक्त तिच्या गालांची उरली, ४६. भागाकार १.५४. म्हणजे दोन मिलिमीटरने बुटका पफ जास्त कामाचा ठरला. प्रत्यक्ष डोक्यावर हा पफ चापलेल्या केसांपेक्षा जेमतेम दीड सेंटीमीटर उंच होता. गोल चेहऱ्याला दीड ते दोन सेंटीमीटर पुष्कळ झाले. त्यापुढे नजर चेहऱ्यावर न राहता पफवर जाते आणि लोक 'काय केस केलेत' म्हणतात, 'काय दिसतेस' म्हणत नाहीत.

तुझ्या दोन फोटोंवर हे करून बघ. फोटो एकाच अंतरावरून हवेत आणि मान सरळ हवी. हनुवटी खाली गेली की वरचा पफ मोठा दिसतो आणि आकडे खोटं बोलतात.

बांधणी पार्लरवाल्या ताईंना येत असेलच, तरी चार गोष्टींवर लक्ष ठेव. केस आदल्या दिवशी धू, त्याच दिवशी नको. ताज्या धुतलेल्या केसांवर बॅककोम्बिंग निसटतं. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना नाही, आणि त्या आठवड्यात तेल शेवटच्या धुण्याआधी. हळदीला डोक्यावरून तेल उतरवतात, तेव्हा ते टाळूवर पडणारच, म्हणून धुणं हळदीनंतर ठेव. नवा भांग ओल्या केसांवर काढून मुळांना ड्रायरने आधी उलट्या दिशेने आणि मग सुलट्या दिशेने वाळवायचं. लग्नाआधी दोनतीन आठवडे घरी रोज तोच भांग काढत जा, म्हणजे त्या दिवशी केस अडून बसणार नाहीत. पफसाठी माथ्यावरच्या पट्ट्यात एकामागे एक तीन बटा घ्यायच्या, प्रत्येक दोनअडीच सेंटीमीटर जाडीची. बट सरळ वर धरून, मुळापासून पाचसहा सेंटीमीटरवरून कंगवा खाली मुळाकडे दाबायचा, तीनचार वेळा, बस. सगळ्यात पुढची बट तशीच गुळगुळीत ठेवून वरून पांघरायची. खालून जाळं दिसायला लागलं, तर पुढची बट फार पातळ घेतली असं समज. आणि स्प्रे वीतभर अंतरावरून. जवळून मारला की केस ओले होऊन बसतात, मग पफ उभा राहत नाही.

आता मुंडावळ्या. त्यांचा विचार ट्रायलला कुणी करत नाही आणि लग्नाच्या दिवशी सगळा हिशोब बदलतो. आडवी माळ कपाळावरून जाते आणि उजळ तुकड्याचा वरचा भाग कापून टाकते. म्हणजे चेहरा आखूड होतो आणि आखूड झाला की जास्त गोल वाटतो. भांग बुबुळावर आहे की कमानीवर, हे माळेच्या वर चिमूटभरच दिसतं. त्या वेळी तुला वाचवतो तो फक्त माथ्यावरचा अरुंद उंचवटा. म्हणून मी पफ काढून टाकायला सांगत नाहीये. माळ शक्य तितकी वर, केसांच्या काठालगत बांधायला सांग, कपाळाच्या मध्यावर नको. बांधताना ती पफच्या पुढून गेली पाहिजे. पफवरून गेली तर पहिल्या तासातच तो दाबून टाकते.

मात्र मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरी तुझ्या फायद्याच्या आहेत. त्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या थोड्या बाहेर, गालावरून सरळ खाली आल्या की मोकळ्या केसांच्या पडद्याचंच काम करतात. गाठ मागे फार घट्ट ओढली की सरी कानांवर जातात आणि गाल पुन्हा उघडे. त्यामुळे बांधणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेव की सरी कानाच्या पुढे हव्यात, आणि कानापाशी माळेला दोन्हीकडे एकएक छोटी काळी पिन लाव, म्हणजे वाकून नमस्कार करतानाही त्या जागा सोडणार नाहीत.

भांगात कुंकू भरायचं आहे म्हणून सासरी मधल्या भांगाचा आग्रह असेल, तर त्याची काळजी करू नकोस. बुबुळावरच्या भांगातही ते तितकंच भरता येतं. चंद्रकोर मात्र चेहऱ्याच्या मध्यावर लाव, भांगाच्या खाली नाही. भांगाकडे सरकलेली टिकली फोटोत नाक वाकडं दाखवते. आणि डोक्यावर पदर घ्यायची वेळ येईल, तेव्हा तो पफच्या मागच्या उतारावर, भोवऱ्याच्या जरा पुढे दोन आकड्यांनी अडकव. तिथे पदर टेकला की पफला छत मिळतं. पुढे ओढलास तर दीड सेंटीमीटर कमावलेलं तिथेच जाईल.

अक्षतांचा उपाय मात्र माझ्याकडे नाही. स्प्रे मारलेल्या पफमध्ये त्या अडकतातच. रात्री केस सोडताना आधी कंडिशनर चोपड, मग बोटांनी खालून वर एकेक बट सोडव. त्या रात्री कंगवा लावू नकोस.